शब्दचर्चा : सोनेतारणातला ‘प्रभावी वार्षिक दर’

वैशाली, मंगळवार पेठ : 1 लाखाचं सोनेतारण करायचंय, मुदत 12 महिने. एका ठिकाणी व्याज दरमहा भरायचं. दुसरीकडं बुलेट, म्हणजे मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम. दर दोन्हीकडं 12 टक्केच सांगतात. मग ‘प्रभावी दर वेगळा’ म्हणजे काय?

संजय, कागल : ताई, बुलेट महाग. व्याजावर व्याज चढत जातं. दरमहा भरलं की 12 चे 12 च.

दत्ताकाका, निवृत्त बँक अधिकारी : संजय, चढतं हे खरं, पण प्रत्येक बुलेटमध्ये नाही. वैशाली, दरमहा 1,000 भरलेस तर वर्षाचे 12,000 होतात, पण ते तुझ्या हातून आधीच जातात. पहिला हजार तर अकरा महिने आधी. ते धरून हिशेब केला की प्रभावी दर 12.68 टक्के येतो. बुलेटमध्ये सरळव्याज असेल तर वर्षाने 1,12,000 भरायचे, प्रभावी दर 12 च. म्हणजे तीच स्वस्त. पण महिन्याच्या महिन्याला व्याज मुद्दलात मिळवत असतील तर शेवटी 1,12,683 होतात, आणि दर पुन्हा 12.68. दोन्ही सारखेच! म्हणून काउंटरवर टक्का विचारू नकोस. ‘बरोबर वर्षाने सोडवायला किती रुपये लागतील’ ते लिहून घे. आकड्यावरून लगेच कळतं.

संजय : म्हणजे दरमहा भरूनपण 12 च्या वर जातंय? हे डोक्यातच नव्हतं.

शिरोळचा ऊसवाला : आमचं सोपं हाय. उसाचं बिल आलं की एकदम भरतोय. गेल्या साली तीन महिन्यांतच सोडवलं, व्याज 3,000. म्हणजे 12 नंच पडलं की.

दत्ताकाका : दादा, प्रक्रिया शुल्क किती कापलं होतं?

शिरोळचा ऊसवाला : एक टक्का, वर जीएसटी. हातात 98,820 आलं.

दत्ताकाका : मग 98,820 वापरून तीन महिन्यांनी 1,03,000 दिलेत. वर्षाच्या मापानं हा दर 18 टक्क्यांवर जातो. तेच कर्ज वर्षभर ठेवलं असतंत तर 13.34. शुल्क एकदाच लागतं, त्यामुळं मुदत जितकी कमी तितकं ते जास्त टोचतं.

शिरोळचा ऊसवाला : म्हणून काय कर्ज अंगावर ठेवायचं? व्याजाचे 9,000 वाचले की माझे.

दत्ताकाका : वाचलेच. लवकर सोडवलंत ते बरोबरच. मी फक्त दर सांगितला, रुपये कमीच गेले.

वैशाली : काका, माझा दरमहाचा हजार बचत खात्यात नुसता पडून राहणार असेल तर बुलेटचा फायदा कितीसा?

दत्ताकाका : फार थोडा. शिवाय शेवटी 1,12,000 एकरकमी उभे करायचे असतात, नाहीतर दागिना लिलावात जायची भीती.

संजय : पण शुल्क ‘दरा’त धरायचं का? मला तरी ते व्याज वाटत नाही.