शब्दचर्चा: ‘भागभांडवलाचा खर्च’ हा खर्च आहे का?

अनुवादक: वाक्य असं आहे: ‘कर नसतील, तर कर्ज वाढवल्यावर भागभांडवलाचा खर्च वाढतो, पण भांडवलाचा भारित सरासरी खर्च तोच राहतो.’ मुद्रितशोधकांनी ‘खर्च’ खोडून ‘लाभांश’ केलं. वर समासात शेरा: ‘एक खर्च वाढतो, तर सरासरी कशी वाढत नाही?’ लाभांश नक्कीच चूक आहे. पण मग ‘खर्च’च्या जागी काय लिहावं?

टेकू: खर्च म्हणजे खिशातून गेलेले पैसे. हा आकडा नफातोटा पत्रकात कुठेच सापडत नाही. भागधारक जेवढ्या परताव्याच्या अपेक्षेनं पैसे गुंतवतो, तो हा दर. लाभांश शून्य असला तरी तो असतोच. ‘अपेक्षित परतावा’ लिहा.

जमाखर्ची: लोक काय बोलतात ते बघा ना. ‘भांडवल बारा टक्क्यांना पडतं’ असंच म्हणतात. ‘पडतं’मध्ये सगळं आलं. बाकी शोधकांची शंका रास्त आहे. आमच्या ताळेबंदावरून काढून बघितलं: कर्ज स्वस्त, ते वाढवलं की सरासरी उतरते. ‘तोच राहतो’ हे पुस्तकी आहे.

टेकू: सरासरी उतरते, कारण तुम्ही भागधारकाचा दर जागचा हलू दिला नाही. समजा धंद्याची किंमत १००० आणि वर्षाचा अपेक्षित नफा १२०. कर्ज नसताना दर १२ टक्के. आता ५०० चं कर्ज ८ टक्क्यांनी काढून तेवढे शेअर परत विकत घेतले. व्याज ४० गेलं, उरले ८०, आणि ते उरलेल्या ५०० वर म्हणजे १६ टक्के. सरासरी: निम्मे ८ आणि निम्मे १६, बाराच. तुम्ही १६ च्या जागी जुने १२ धरता, म्हणून १० येतात. शिवाय वजनं बाजारभावाची लागतात, ताळेबंदातली नव्हेत.

जमाखर्ची: बाजारभावाचं मान्य. पण भागधारक १६ मागतो तो कंपनी बुडेल या भीतीनं. कर्ज थोडं असेल तर भीती नाही, मग दरही वाढायला नको.

टेकू: इथेच गफलत होते. बुडण्याचा प्रश्न नसला तरी दर वाढतो. वाईट वर्षी नफा ६०, चांगल्या वर्षी १८० धरा. कर्ज नसताना परतावा ६ ते १८ टक्के. ५०० च्या कर्जावर वाईट वर्षी हाती २० उरतात, चांगल्या वर्षी १४०. म्हणजे ४ ते २८ टक्के. व्याज दोन्ही वर्षी पूर्ण फिटलं, पण हेलकावा दुपटीनं वाढला. वाढीव चार टक्के त्या हेलकाव्याचे आहेत. कर्ज २०० च असेल तर दर १३, सरासरी पुन्हा १२. rE म्हणजे भागधारकाचा दर, r0 कर्ज नसतानाचा दर, rD कर्जाचा दर, D कर्ज आणि E भागभांडवल धरलं, तर सूत्र असं:

```
rE = r0 + (D/E) × (r0 − rD)
```

शब्दवेल्हाळ: मला ‘भारित’ खटकतं. सरासरीचा भार आणि कर्जाचा भार एकाच वाक्यात आले की वाचक म्हणणार, भार वाढला मग खर्च का वाढला नाही? शोधकांचा घोटाळा बहुधा इथलाच. ‘वजनी सरासरी’ करा. आणि कर्जाच्या जोरावर परतावा उचलण्याला लिव्हरेज म्हणतात, त्याला सरळ ‘तरफ’ म्हणा. ‘तर्फे’ तोच शब्द, अरबीतून आलेला: एका बाजूला जोर लावला की दुसरी बाजू उचलली जाते.

टेकू: ‘तर्फे’ अरबी आहे हे खरं, पण यंत्रातली तरफ तीच, हे कशावरून? आणि तरफेत भार वेगळा, बल वेगळं, टेकू वेगळा. इथे टेकू कोणता?

शब्दवेल्हाळ: तुमचंच नाव घ्या की!

नवखा: मूळ सिद्धान्ताच्या नावात ‘असंबद्धता’ लिहिलेलं वाचलं. म्हणजे कर्ज घ्यायचंच नाही का? व्याजावर तर कर वाचतो.

टेकू: असंबद्ध बडबड असते, भांडवलरचना नव्हे. ‘रचनानिरपेक्ष मूल्य’ बरं. धंद्याचं मूल्य त्याच्या नफ्यानं ठरतं, तो नफा सावकार आणि भागधारक कसा वाटून घेतात त्यानं नाही. मोदिग्लियानी आणि मिलर यांचा १९५८ चा लेख मुळात हेच मांडतो. कर वाचण्याच्या हिशेबाची दुरुस्ती त्यांनी १९६३ मध्ये वेगळी छापली. तुमचं म्हणणं त्या दुसऱ्या लेखाचं. इथे ‘कर नसतील’ हीच अट आहे.

जमाखर्ची: आणि कर्ज ८०० वर गेलं की बँक ८ टक्क्यांवर थांबते थोडीच?

टेकू: नाही थांबत. १० मागितले तर व्याज ८०, उरले ४०, ते २०० वर म्हणजे २० टक्के. जोखमीचा काही वाटा आता सावकाराच्या अंगावर गेला, म्हणून भागधारकाचा दर आधीपेक्षा संथ चढतो. सरासरी काढून बघा, ८ आणि ४, बाराच.

अनुवादक: आकडे पटले. ‘वजनी’ घेतो. पण ‘खर्च’ की ‘परतावा’ हे राहिलंच. ‘अपेक्षित परतावा वाढतो’ लिहिलं, तर वाचकाला ती आनंदाची बातमी वाटेल.

जमाखर्ची: म्हणून म्हणतो, ‘महाग पडतं’ लिहा.

शब्दवेल्हाळ: ग्रंथात ‘पडतं’?