तळव्यावर कुरूप की चामखीळ? मदत हवी आहे

उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर तीन महिन्यांपूर्वी मसुराएवढा कडक गोळा आला. कुरूप समजून मी पाय गरम पाण्यात भिजवून तो ब्लेडने तासला. बारीक काळे ठिपके दिसले आणि लगेच रक्त आलं. आता शेजारीच तीन नवे दाणे उठलेत.

नंतर वाचलं, की कुरूप दाब आणि घर्षणाने होतं. त्यावर त्वचेच्या रेषा सलग असतात, थेट दाबलं की दुखतं. चामखीळ विषाणूमुळे होते. तिथे रेषा तुटतात, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की जास्त दुखतं, आणि काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या केशवाहिन्या. माझ्याकडे हीच लक्षणं आहेत. म्हणजे तासताना विषाणू मीच आजूबाजूच्या ओरखड्यांत पसरवला, असं दिसतंय. ते ब्लेड फेकून दिलं.

कोणी सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावलंय का? किती आठवडे लागले? आजूबाजूची चांगली कातडी कशी वाचवलीत? की थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन गोठवून घेणं बरं? आईलाही असंच काहीतरी झालंय, पण तिला मधुमेह आहे, म्हणून तिला घरी काहीच करू देत नाहीये, डॉक्टरांकडेच नेतेय.