मदत हवी आहे: फुप्फुसाच्या शिखराशी रक्त पोचतं की नाही?

सायली_फिजिओ: नमस्कार. पुण्यात फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. आकृतीत फुप्फुसाच्या शिखराशी झोन १ दाखवतात: वायुकोशातला दाब धमनीतल्या दाबापेक्षा जास्त, केशवाहिन्या दबलेल्या, रक्तप्रवाह शून्य. पण कोष्टकात उभ्या माणसाच्या सर्वांत वरच्या थरातून मिनिटाला ०.०७ लिटर रक्त जातं, तळाच्या थरातून १.२९ लिटर. खरं काय? अभ्यासिकेत आम्ही सगळे यावर अडलोय.

पेठकर: वरचे वायुकोश मोठे असतात, म्हणून हवा तिकडे जास्त जाते आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात.

भूलतज्ज्ञ_कोथरूड: वायुकोश मोठे असतात हे बरोबर, पण हवा वर कमीच जाते. ते आधीच ताणलेले असतात, त्यामुळे प्रत्येक श्वासाला फार फुगत नाहीत. वरच्या थराला मिनिटाला ०.२४ लिटर हवा मिळते, तळाला ०.८२. तळाकडे रक्त मात्र हवेपेक्षाही जास्त वाढतं, म्हणून हवा-रक्ताचं गुणोत्तर वर ३.३ आणि खाली ०.६.

सायली, आता तुझा प्रश्न. फुप्फुसधमनीतला सरासरी दाब साधारण १५ मिमी पारा, म्हणजे पाण्याच्या मापात २० सेंमी. शिखर हृदयापासून सुमारे १५ सेंमी वर, तेव्हा तिथे ५ सेंमी उरतात. वायुकोशातला दाब शून्याच्या आसपास. म्हणून प्रवाह थोडा का होईना, चालू राहतो. निरोगी माणसात झोन १ जवळजवळ नसतोच.

मोठा रक्तस्राव होऊन तोच दाब ८ मिमीवर आला, तर पाण्याच्या मापात ११ सेंमी. त्यातून १५ गेले की शिखराशी उणे ४. तिथे हवा जाते, पण रक्त येत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड घसरतो, धमनीतल्या रक्तात मात्र तो तितका घसरत नाही. ही तफावत वाढली की मला संशय येतो.

मंदार_नगररोड: डॉक्टर, माझ्या वडिलांना टीबी झाला तो उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात. त्याचं कारण हेच का?

भूलतज्ज्ञ_कोथरूड: वर गुणोत्तर जास्त असल्याने ऑक्सिजन भरपूर असतो आणि टीबीच्या जंतूला तो मानवतो, हे एक स्पष्टीकरण आहे. वरच्या भागातून लसिकेचा निचरा कमी होतो, असंही काहीजण मांडतात. यावर एकमत नाही. वडिलांबद्दल त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

आयसीयू_नर्स: पण आमचे बहुतेक रुग्ण आडवे असतात. मग हे १५ सेंमी कुठून आणायचे?

भूलतज्ज्ञ_कोथरूड: ताई, अगदी रास्त. उताण्या रुग्णात छातीची पुढची बाजू वर येते आणि शिखर-तळाचा फरक जवळजवळ मिटतो. पुढच्या भागाची हृदयापासूनची उंची १५ सेंमीपेक्षा कमी, म्हणून एरवी झोन १ होणं आणखी अवघड. पण व्हेंटिलेटरवर पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, पाण्याच्या मापात १५ सेंमी लावला आणि रुग्णाच्या अंगात पाणी कमी असेल, तर वायुकोशातला दाब चढलेला असतो आणि पुढच्या भागात झोन १ होऊ शकतो.

सायली_फिजिओ: आकडे मांडल्यावर कळलं. मग पालथं झोपवलं की हे सगळं उलटं होतं, की फुप्फुसाच्या रचनेमुळे मागच्या भागाला तरीही रक्त जास्त जातं?