मदत हवी आहे: सरावात दहापैकी आठ, मॅचच्या शेवटी दोन्ही फ्री थ्रो बाहेर

नमस्कार. नांदेडहून लिहितोय. माझी लेक सतरा वर्षांखालच्या शालेय संघातून बास्केटबॉल खेळते. फ्री थ्रो ही तिची हुकमी गोष्ट. संध्याकाळी मैदानावर मी स्वतः मोजतो, दहापैकी सात-आठ जातात.

मागच्या महिन्यात लातूरला विभागीय स्पर्धा होती. शेवटचे सहा सेकंद, आम्ही एका गुणानं मागे, आणि हिला फाउल झाला. दोन थ्रो. पहिला रिंगच्या पुढच्या कडेवर आदळून परत आला, दुसराही तसाच. मॅच गेली. परत येताना बसमध्ये लेकरू एक शब्द बोललं नाही. आता म्हणायली की शेवटच्या मिनिटाला मला बाहेर बसवा.

सर म्हणतात, आत्मविश्वास कमी आहे. पण आत्मविश्वास आणायचा कुठून? मोठे खेळाडू थ्रोच्या आधी काहीतरी ठरलेलं करतात, चेंडू आपटतात, पुटपुटतात. त्यानं खरंच फरक पडतो की नुसती सवय असते? आणि शिकवायचं तर नेमकं काय शिकवायचं? मी स्वतः कबड्डीवाला, मला यातलं कळत नाही.

भुईमुगाच्या_शेंगा
माझ्या पुतण्याचं सेम. लातूरला नीटच्या क्लासला आहे, टेस्ट सिरीजमध्ये चांगले मार्क आणि मेन पेपरला हात थरथर. आम्ही त्याला सकाळी अनुलोम-विलोम लावलं, रात्रीचा चहा बंद केला. मुलीला पण लावा. झोप किती घेते?

धागाकर्ता
झोप चांगली घेते हो. आणि परीक्षेला तीन तास असतात, हिच्याकडे पाच सेकंद होते.

तीन_नंबर_जर्सी
मी विद्यापीठाच्या संघातून खेळलोय. सगळं सरावावर असतं. रोज २०० थ्रो मारायला लावा, शरीराला पाठ झालं की डोकं मध्ये येत नाही. आणि घाई करू द्यायची नाही, आरामात वेळ घ्यायचा. यानिसला बघा. २०२१ च्या एनबीए फायनलमध्ये प्रेक्षक मोठ्यानं आकडे मोजायचे, तरी गडी आपल्याच वेळेनं मारायचा. शेवटच्या मॅचला १९ पैकी १७ टाकले.

रिंगखालचा_माणूस
बरीच वर्षं पंचगिरी केली, मधे मुलींचा संघही सांभाळला. सल्ला देण्याआधी दोन प्रश्न. त्या मॅचचा व्हिडिओ आहे का? आणि सरावाचा एखादा? दोन्हींत चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत किती सेकंद गेले आणि किती ड्रिबल झाले, एवढंच मोजून सांगा. कोपर, मनगट काही बघू नका.

तीन नंबर, यानिसचं खरं आहे, पण एनबीएत दहा सेकंद मिळतात. आपल्याकडे फिबाचा नियम, पाच. त्याच्यासारखा वेळ घेतला तर मीच शिट्टी मारीन.

धागाकर्ता
मोजलं. माझ्या मेहुण्यानं मॅच मोबाइलवर घेतली होती, हळू करून बघितली.

सराव: तीन ड्रिबल, चेंडू हातात एकदा फिरवते, थांबते, मारते. जवळपास चार सेकंद. दहा थ्रो बघितले, दहाही वेळा हेच.

मॅच, पहिला थ्रो: एक ड्रिबल. दोन सेकंदसुद्धा नाहीत.
मॅच, दुसरा: ड्रिबलच नाही. चेंडू आला आणि गेला. मधल्या वेळात ती बेंचकडे बघते, तिथून आवाज येतो, "कोपर आत, कोपर आत!"

हे मी तिथं उभा असून मला दिसलं नव्हतं.

रिंगखालचा_माणूस
मग तुमचं उत्तर तुम्हीच काढलंत. तिच्याकडे ठरलेली कृती आधीपासून आहे, फक्त ती आहे हे तिला माहीत नाही. म्हणून दडपण आल्यावर तीच आधी गळाली.

नको असलेली वेळ लवकर संपवावी असं माणसाला वाटतंच. फुटबॉलच्या पेनल्टी शूटआउटवर नॉर्वेच्या गेइर योर्डेट यांनी बरंच काम केलंय. पंचांची शिट्टी वाजताक्षणी धावत सुटणारे खेळाडू जास्त वेळा चुकतात असं त्यांना दिसलं. तुमची मुलगी तेच करायली होती. पायातून जोर यायच्या आत हात सुटला, म्हणून दोन्ही थ्रो आखूड पडले. डावी-उजवीकडे गेले असते तर मी वेगळं काही सांगितलं असतं.

दुसरं ते कोपर. सरावात तिचं कोपर आपोआप आत असतं. भाकरी थापणाऱ्या बाईला मधेच विचारा, करंगळी कुठं ठेवता, पुढची भाकरी फाटलीच म्हणून समजा. आपसूक होणाऱ्या कामावर ऐन वेळी पहारा बसवला की ते बिघडतं. ठरलेल्या कृतीचा खरा उपयोग इथं आहे: डोक्याला करायला दुसरं, साधं काम मिळतं, म्हणून ते कोपराच्या भानगडीत पडत नाही. शांत वाटणं हा त्यातला भाग नाही. छाती धडधडणारच, धडधडत्या छातीनंही चेंडू जातो.

धागाकर्ता
पटलं. कालपासून सुरू केलं. दीर्घ श्वास, तीन ड्रिबल, चेंडू फिरवणे, डोळे मिटून चेंडू आत जाताना बघणे, मग रिंगकडे बघून थ्रो. घड्याळ लावलं तर सात सेकंद होतात 😐

रिंगखालचा_माणूस
हाहा. सगळं एकदम घातलंत.

याचे दोन भाग करा. फाउलची शिट्टी वाजल्यापासून चेंडू तिच्या हातात येईपर्यंत बराच वेळ असतो. पंच टेबलाला खूण करतात, खेळाडू रांगेत उभे राहतात, कुणी बूट बांधतं. हा वेळ पाच सेकंदांत धरत नाहीत. श्वास इथं घ्यायचा, सोडताना जरा लांब सोडायचा. मनातल्या मनात थ्रो बघायचा तर तोही इथंच. स्टीव्ह नॅश तर चेंडू मिळायच्या आधी रिकाम्या हातानं थ्रोची नक्कल करायचा. कारकिर्दीत त्याचे शंभरातले नव्वद जात. नंतर मात्र, चेंडू हातात असताना, फेकायचं नुसतं सोंग चालत नाही, ते नियमात बसत नाही.

चेंडू आला की तीन ड्रिबल, एकदा फिरवणे, नजर रिंगवर, थ्रो. हे तिचं जुनंच आहे, त्यात काही घालू नका. साडेतीन-चार सेकंदांत बसतं म्हणजे एक सेकंद हाताशी राहतो.

नजरेबद्दल थोडं. कॅनडाच्या जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या डोळ्यांवर यंत्र लावून फ्री थ्रो तपासले. चांगल्या खेळाडूंची नजर हात वर जायच्या आधीच रिंगच्या एका जागेवर जाऊन टिकते. कच्च्या खेळाडूंची रिंग, बोर्ड, चेंडू अशी भिरभिरते. म्हणून तिला एकच जागा ठरवू द्या, समजा रिंगची पुढची कडा किंवा जाळीचा एक हुक.

तीन_नंबर_जर्सी
म्हणजे चेंडू जाईपर्यंत रिंगकडे टक लावून बघायचं, आम्हाला पण हेच शिकवलं होतं.

रिंगखालचा_माणूस
अर्धं बरोबर. चेंडू डोळ्यासमोरून वर जातो तेव्हा तशीही रिंग झाकली जाते. नजर महत्त्वाची ती त्याच्या आधीची. नंतर कुठं बघते त्यानं फार बिघडत नाही.

आणि रोजच्या २०० बद्दल. सलग पन्नास मारले की विसाव्यापासून हात लागलेला असतो. मॅचमध्ये असं कधीच होत नाही. तिथं धावून दमल्यावर दोन मिळतात, बस. म्हणून सरावात दोन लांब पळती, लगेच दोन थ्रो, मग पुन्हा खेळ. तासभरात असे दहा वेळा. मैत्रिणींना बाजूला उभं राहून आरडाओरडा करू द्या. वहीत दोन रकाने करा: कृती पूर्ण झाली का, आणि चेंडू गेला का. पहिल्या रकान्यात "हो" असूनही दमल्यावर थ्रो सारखे आखूड पडत असतील तर दोष डोक्याचा नाही, पायांच्या ताकदीचा. त्यावर कृतीचा काही इलाज चालत नाही.

आमखास_मैदान
संभाजीनगरवरून. मी फुटबॉलवाला, आमच्याकडे एक भानगड जास्त असते: गोलकीपर. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलला मार्टिनेझनं चुआमेनीच्या पेनल्टीआधी चेंडूच लांब फेकला. तो उचलून आणायला गेला आणि मग बाहेर मारला. सगळी लय मोडायचा डाव. म्हणून आम्ही पोरांना सांगतो, कोपरा चेंडू ठेवायच्या आधी ठरवा आणि नंतर बदलू नका. शिट्टी झाल्यावर एक श्वास, मग धाव. पण काही जण कीपर हलायची वाट बघून मारतात आणि त्यांचेही जातात, त्यामुळे एकच पद्धत बरोबर असं मी तरी म्हणणार नाही.

मला एक शंका आहे. ड्रिबल तीनच का? ही नुसती अंधश्रद्धा नाही का, लकी मोज्यांसारखी?

रिंगखालचा_माणूस
तीन आकड्यात काही नाही. दोन असते तरी चाललं असतं. मोजे तुमच्या हातात नसतात, हरवले की गेलात. ड्रिबल स्वतः करायचे असतात. पण कृती चुकली की आता थ्रो जाणारच नाही असं पोरीला वाटायला लागलं तर तिचाही मोजाच होतो, हे मान्य.

धागाकर्ता
तीन आठवड्यांनी येतोय. तिनं जाळीचा उजवीकडचा हुक धरलाय आणि फेकताना मनात "वर" म्हणते, शब्द तिनंच निवडला. वहीत पहिल्या आठवड्यात वीसपैकी अकरा वेळाच कृती पूर्ण झाली होती, आता सतरा-अठरा. चेंडू जाण्यात तेवढा फरक नाही, दमल्यावर दहापैकी सहा.

रविवारी इथंच मित्रत्वाची मॅच होती. तिसऱ्या क्वार्टरला दोन मिळाले. पहिला गेला नाही, पण तीन ड्रिबल झाले होते आणि बेंचकडे बघितलं नाही. दुसरा गेला. शेवटच्या मिनिटाला मात्र फाउल झालाच नाही, त्यामुळे खरी परीक्षा अजून बाकी आहे. सरांना कोपराबद्दल सांगून बघितलं, ते म्हणाले, मी वीस वर्षं शिकवतोय.

लेकीचा एक प्रश्न आहे: पंचांनी चेंडू दिला आणि तो बुटावर आपटून लांब गेला तर? उचलून आणेपर्यंत वेळ जाईल, मग तीन ड्रिबल बसायचे नाहीत.

रिंगखालचा_माणूस
पोरगी हुशार आहे. चेंडू तिच्यापर्यंत नीट पोचलाच नाही तर बहुतेक पंच परत देतात, तिनं हात वर करून थांबावं. पण दिला नाही तर? त्यासाठी छोटी कृती आत्ताच ठरवून ठेवा: एक ड्रिबल, हुक, "वर". आणि दहापैकी दोन वेळा सरावात मुद्दाम वाकडा पास द्या.

धागाकर्ता
वाकडा पास द्यायचं काम धाकट्याला दिलंय. त्याला सरळ येतच नाही.