मदत हवी आहे: फ्लोटिंग रेट नोटची किंमत रिसेटच्या मध्येच कशी काढायची?

घाईतला_गणू:
पाच वर्षांची नोट आहे, कुपन 6 टक्के, सहामाही. बाजारातला दर आता 7.2 झालाय. सगळी कुपनं 3-3 धरून 3.6 टक्क्यांनी डिस्काउंट केली, साठलेलं व्याज वजा केलं, तर 95.16 येतंय. साहेब म्हणतात, "फ्लोटर आहे, शंभराच्या आसपास यायला हवी." एक्सेल तीनदा तपासलं. कुठे चुकतंय? उद्या सकाळी द्यायचंय, प्लीज लवकर.

रोखठोक:
फ्लोटर नेहमी शंभरच. हिशेब कसला करताय? 100 लिहा आणि झोपा.

सावकाश_चला:
गणू, मागचा रिसेट कधी झाला? पुढचा कधी? मार्जिन किती? हे न सांगता कोण काय सांगणार?

हप्तेवाला:
माझं गृहकर्जही फ्लोटिंग आहे. दर वाढला तसा हप्ता वाढवण्याऐवजी मुदतच वाढवून ठेवली बँकेने. आधी मुदत विचारून घ्या.

रोखठोक:
अहो, इथे कर्ज कुणी घेतलंय?

घाईतला_गणू:
रिसेटला 2 महिने झाले, पुढचा 4 महिन्यांनी. मार्जिन 0.50. तेव्हा संदर्भदर 5.50 होता म्हणून कुपन 6. आता चार महिन्यांचा संदर्भदर 6.70, त्यात मार्जिन मिळवून 7.20. हे मला वाटलं सगळ्यांना कळेलच.

सावकाश_चला:
कसं कळणार बुवा! असो. तुमची चूक अशी की पाचही वर्षं 6 टक्केच मिळणार असं धरून तुम्ही फ्लोटरचा फिक्स्ड बाँड करून टाकलात. तुमच्या हातात पक्कं एकच कुपन आहे, चार महिन्यांनी येणारे 3. पुढची कुपनं तेव्हाच्या दराने ठरणार.

आता शेवटच्या सहामाहीचा विचार करा. तिच्या सुरुवातीला दर ठरतो, समजा 9 टक्के. शेवटी 104.50 मिळतात आणि डिस्काउंटही 4.5 टक्क्यांनीच होतं, म्हणजे 100. दर 4 असता तर 102 भागिले 1.02, पुन्हा 100. वर आणि खाली तोच दर, म्हणून तो किती हे कळायची गरजच नाही. मग त्याआधीची सहामाही घ्या, तिच्या शेवटी हातात 100 ची वस्तू आहे. असं मागे मागे येत पुढच्या रिसेटपर्यंत पोचा. तिथे, कुपन हातात पडल्यावर, नोट 100 ची.

म्हणून आज तुमच्याकडे आहे चार महिन्यांनी मिळणारे 103, बस्स:

```
103 / (1 + 0.072*4/12) = 100.59
100.59 - 1.00 = 99.59
```

तो 1.00 म्हणजे दोन महिन्यांचं साठलेलं व्याज. तोंडी पडताळा: दर 1.2 टक्के वर, तोही चारच महिने, म्हणजे 0.40 चा फटका.

रोखठोक:
म्हणजे शंभरच झाले की. मी काय वेगळं सांगितलं?

सावकाश_चला:
0.41 चा फरक मोठ्या रकमेवर दिसतो, साहेब. आणि तुमचं "नेहमी" फक्त रिसेटच्या दिवशी खरं, तेही बाजाराला आजसुद्धा 0.50 च मार्जिन पुरत असेल तर. देणेकऱ्याची पत घसरली तर मार्जिन रिसेट होत नाही. तो फटका चार महिन्यांवर नाही, उरलेल्या सगळ्या वर्षांवर बसतो.

घाईतला_गणू:
थांबा थांबा. स्क्रीनवर भाव 98.10 दिसतोय. साठलेलं व्याज सोडून. आधी सांगितलं नाही कारण मला वाटलं जुना असेल.

सावकाश_चला:
हेच आधी सांगायचं ना! 99.59 आणि 98.10 यांत 1.49 चं अंतर आहे. मार्जिन 0.01 ने कमी पडलं तर या मुदतीच्या नोटेवर साधारण 0.04 जातात. म्हणजे बाजार 0.37 च्या आसपास जास्त मार्जिन मागतोय, 0.50 ऐवजी 0.87. भाव ताजा असेल तर.

रोखठोक:
किंवा गिऱ्हाईकच नसेल. अशा नोटा आठवडा आठवडा हलत नाहीत. 0.37 पतीचे की विकता न येण्याचे, हे तुमचं सूत्र सांगतं का?

सावकाश_चला:
नाही सांगत. हे मात्र मान्य.

हप्तेवाला:
माझ्या कर्जाला व्याजाची वरची मर्यादा नाही, तुमच्या नोटेला आहे का?

घाईतला_गणू:
अरे हो. टर्मशीटमध्ये "कमाल कुपन 8 टक्के" असं आहे. त्याने काही फरक पडतो का?

सावकाश_चला:
पडतो हो! संदर्भदर 7.50 च्या वर गेला की कुपन 8 लाच अडकणार आणि डिस्काउंटचा दर पुढे जाणार. वर आणि खाली तोच दर, हा वरचा सगळा युक्तिवाद तिथे मोडतो. मार्जिन धरून तुम्ही आत्ताच 7.20 वर आहात, 8 फार लांब नाही. 1.49 मधला काही भाग या मर्यादेचाच असणार, म्हणून 0.37 हा आकडा साहेबांना देऊ नका. संदर्भदर किती हेलकावे खातो हे कळल्याशिवाय तो भाग सुटा काढता येणार नाही. कॅपचे भाव मिळतायत का बघा.

रोखठोक:
आणि टर्मशीट पूर्ण इथे टाका. आणखी काय काय निघतंय बघू.