मामाचं पत्र : कवितेत भावना आटवायची कशाला?

भाचा : मामा, बाबांवर बारा ओळी लिहिल्या. कापूस बोंडअळीनं गेला, बाबा खचले, आई रडली, सगळं आहे त्यात. तुम्ही म्हणता एका कडव्यात बसव. मनात एवढं असताना कमी का लिहायचं? (मामांचं पत्र खाली टाकतो. बोला मंडळी.)

मामा : चिरंजीवास आशीर्वाद. तुझ्या ओळींत 'दुःखी', 'खचले', 'हताश' आहे. तूच सगळं सांगून मोकळा झालास, वाचणाऱ्यानं काय करावं? मी भावनांची नावं काढली आणि सातव्या ओळीतली एकच गोष्ट ठेवली : त्या संध्याकाळी बाबा बैलांना चोळत उभे होते. साचा थोरल्या अभंगाचा. सहा-सहा-सहा अक्षरं, मग चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला.

रिकामी बंडी ती
आली सांजवेळी
बाप बैलां चोळी
मुकाट्याने

कान सहा अक्षरांची वाट पाहतो आणि चारवरच थांबतो. ती राहिलेली जागा म्हणजे बाबांचं न बोलणं. बारा सारख्या ओळींत ती मिळालीच नसती.

मोझरीकर : पटलं नाही. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता ४१ अध्यायांची आहे. तिला काय भावना नाही?

निवृत्त गुरुजी : आहे, पण तिथं गावाला समजावून सांगायचं आहे, त्याला विस्तार लागतोच. आणि त्यातली एकेक ओवी सुटी काढून भिंतीवर लिहिता येते, हेही बघा.

चारोळीवाला : सोपं आहे. शब्द कमी तितकी कविता भारी.

गुरुजी : मग दुकानाची पाटी सगळ्यात भारी म्हणायची का? काय गाळलं ते ठेवलेल्या शब्दांतून कळलं पाहिजे, नाहीतर ती नुसती काटकसर.

वेचणीवाली : मंग इथं कुठं कळते? बंडी बाजारातून रिकामी आली म्हणजे कापूस विकला गेला! आमच्या घरी त्या दिवशी जिलेबी येते. 'वेचणीची बंडी, रिती सांजवेळी' असं करा ना. वावरातून रिती आली म्हणजे बोंडातच काही नव्हतं.

गुरुजी : वा ताई! अक्षरंही सहा-सहाच भरली. आता 'बोंडअळी' हा शब्द नसूनही ती दिसते.

पाहुणा : मामा, पुतणीचं लग्न आहे, मंगलाष्टक करून द्याल का? मोठं पाहिजे, पाहुणे लय आहेत.

मोझरीकर : ताईंची दुरुस्ती मान्य. पण शहरातल्या पोराला 'वेचणी' काय कळणार? तुमचं आटवणं त्यालाच पोचते, ज्याला आधीच ठाऊक आहे.

मामा : हे खरं आहे, आणि त्यावर माझ्याजवळ उपाय नाही. मी तळटीप देणार नाही, एवढंच.

भाचा : आईला दोन्ही वाचून दाखवल्या. ती म्हणते बारा ओळींचीच बरी, तिच्यात मी तरी आहे.

मामा : मग आईचं दुसरं कडवं कर. अभंगाला कडव्यांची मर्यादा नाही. फक्त 'रडली' लिहू नको, त्या संध्याकाळी ती काय करत होती ते विचार तिला.