'शाखानिहाय' की 'शाखेपुरतं'? रो लेव्हल फिल्टरिंगला मराठीत काय लिहायचं

पतपेढीवाला: मंडळी एक शब्द हवाय, जरा अर्जंट. आमच्या पतपेढीच्या मुंबईत अकरा शाखा, हेड ऑफिसला पॉवर बीआयमध्ये सगळ्यांचा मिळून एकच डेटासेट आहे, आणि त्याच्यावरूनच नवीन डॅशबोर्ड काढून सगळ्या शाखांना दिलाय. म्हणजे लिंक एकच, पण दादरच्या शाखाधिकाऱ्यांनी उघडली की दादरचेच आकडे आणि बोरिवलीच्यांनी उघडली की बोरिवलीचेच. याचं सर्क्युलर मराठीत काढायचंय. मी लिहिलं 'डॅशबोर्डमध्ये आता शाखानिहाय आकडे दिसतील' तर दोन शाखांतून लगेच फोन, बाकीच्या शाखा कुठे गेल्या, आमचीच दिसतेय, बिघडलंय का. साहेब म्हणतात 'पंक्तीस्तरीय सुरक्षा' लिही. ते वाचून कोण उघडणार सांगा.

शब्दवेडी: फोन आले ते बरोबरच आले. निहाय म्हणजे एकेक वेगळं मांडून, पण सगळं. वॉर्डनिहाय मतदान म्हटलं की आपण सगळ्या वॉर्डांचा तक्ता बघायला जातो, एकाच वॉर्डाचा नाही. तुम्हाला हवाय तो 'पुरता'. 'आपापल्या शाखेपुरते आकडे दिसतील', संपलं. आणि पंक्ती नको हो, पंक्ती म्हटलं की मला आधी पंगत आणि वाढपी आठवतात.

मुलुंडचा_मन्या: एवढं काय त्यात, एक्सेलमध्ये डेटाला जायचं, फिल्टर लावायचा, शाखेच्या रकान्यात फक्त दादर टिक करायचं. याला चाळणी म्हणा. आमच्याकडे दर सोमवारी मी अशा बावीस फायली करून बावीस जणांना मेल करतो, एकदा ठाण्याची फाइल चुकून वाशीला गेली तेव्हा जे ऐकून घेतलंय ते विचारू नका.

विरार_फास्ट: मन्या तुझी गोष्ट वेगळी आहे, तू बावीस उतारे काढतोयस. इथे उतारा निघतच नाही. चाळणी पण थोडी फसवी, कारण चाळणीत वरचं आणि खालचं दोन्ही आपल्याच हातात असतं. रिपोर्टच्या पानावर फिल्टर लावून तो लपवला की ती झाली चाळणी, बाकीचा डेटा तिथेच पडलेला असतो. ज्याला डेटासेटवर Build परवानगी आहे तो त्यावर एक्सेल जोडून सगळ्या अकरा शाखा ओढून घेईल, तुझा लपवलेला फिल्टर त्याला आडवा येत नाही. रो लेव्हलवाला नियम डेटासेटमध्येच असतो (डेटासेटला हल्ली सिमँटिक मॉडेल म्हणतात, ती दुसरी शब्दचर्चा). Manage roles मध्ये रोल करायचा आणि शाखांच्या टेबलावर एवढंच लिहायचं:

```
[Email] = USERPRINCIPALNAME()
```

ज्याने लॉगिन केलंय त्याचा मेल ज्या ओळीत, तेवढीच शाखा उरते, आणि ठेवी-कर्जांची टेबलं त्या शाखेला जोडलेली असतात म्हणून तीही आपोआप तेवढीच. मग त्याच डेटासेटवरून दहा नवीन रिपोर्ट काढले तरी नियम सोबत येतो, आणि एक्सेल जोडलं तरी दादरला दादरच. म्हणून याला गाळणं-चाळणं न म्हणता 'न देणं' म्हणावं असं मला वाटतं.

पतपेढीवाला: हे सगळं आमच्या पोरांनी केलंय, View as ने तपासलं तेव्हा बरोबर दिसलं. पण आता तुम्ही बोललात म्हणून सांगतो, बोरिवलीच्या मॅडमना सगळ्या अकरा शाखा दिसतायत. त्यांनी स्वतःच कळवलं बिचाऱ्यांनी. रोलमध्ये नाव आहे, मेल बरोबर आहे.

विरार_फास्ट: वर्कस्पेसमध्ये त्यांना काय केलंय बघ. Viewer की Contributor?

पतपेढीवाला: Contributor. एकदा त्यांना एक चार्ट बदलायचा होता म्हणून.

विरार_फास्ट: मग झालं. Admin, Member, Contributor या तिघांना हा नियम लागूच होत नाही, ज्याला बदलायची मुभा त्याला सगळं दिसतं. नियम फक्त Viewer ला, किंवा ज्याला रिपोर्ट नुसता वाचायला शेअर केलाय त्याला. डेस्कटॉपवरच्या View as मध्ये फक्त फॉर्म्युला तपासला जातो, कोणाला वर्कस्पेसमध्ये काय दिलंय ते तिथे कळतच नाही, त्यामुळे ते हिरवं दिसतं आणि प्रत्यक्षात गळतं. त्यांना Viewer कर आणि त्यांच्याच लॉगिनने त्यांच्याच शेजारी बसून उघडून बघ.

निवृत्त_शाखाधिकारी: मी बत्तीस वर्षं शाखा सांभाळली. आमच्या वेळी हेड ऑफिसमधून सगळ्या शाखांचा तक्ता यायचा, आपला नंबर कितवा ते बघूनच चहा घ्यायचो. एकमेकांचे आकडे दिसायला काय हरकत आहे? माणूस चुरशीने काम करतो. आणि तुमचा हा डॅशबोर्ड माझ्या पुतण्याला, तोही शाखाधिकारी आहे, त्याला दाखवतो की एकूण ठेवींत तुमच्या शाखेचा वाटा 100 टक्के. पहिला नंबर पण त्याचाच!

विरार_फास्ट: काका, तुमचा पुतण्या खरं बोलतोय आणि डॅशबोर्ड पण त्याच्या परीने खरंच बोलतोय. समजा पतपेढीच्या ठेवी 240 कोटी आणि त्याच्या शाखेच्या 36, तर वाटा 15 टक्के यायला हवा. फॉर्म्युल्यात ALL लिहून 'सगळ्या शाखा घे' सांगितलेलं असतं, पण त्या माणसापुरत्या 'सगळ्या' म्हणजे एकच, म्हणून 36 भागिले 36. ALL ने पानावरचा फिल्टर निघतो, हा नियम निघत नाही. हेड ऑफिसला बसून बघणाऱ्याला नियम लागू नाही, त्याला 15 च दिसतात, म्हणून ही चूक करणाऱ्याला कधी सापडत नाही. उपाय म्हणजे एक वेगळं छोटं टेबल, महिना आणि पतपेढीची एकूण ठेव एवढंच, शाखांच्या टेबलाला न जोडलेलं. भागाकार त्या बेरजेने करायचा. तुमचा नंबर पण तसाच आधीच काढून ठेवावा लागेल. अर्थात दोनच शाखा असत्या तर एकूणातून आपले वजा करून दुसऱ्याचे कळलेच असते, अकरात ते चालून जातं.

शब्दवेडी: बघा, 'सगळ्या' या शब्दानेच फसवलं. मराठीत पण 'घरातले सगळे आले' म्हणजे कोणाच्या घरातले ते बोलणाऱ्यावर असतं.

मुलुंडचा_मन्या: मग ओळ म्हणायची की रांग? रांग म्हटलं की मला तिकीटखिडकी दिसते.

शब्दवेडी: रांग नकोच. ओळ चालेल, पण माझं मत 'नोंद'. पतपेढीत खतावणीतल्या नोंदी सगळ्यांच्या तोंडी असतात. 'नोंदपातळीवरची मर्यादा'.

विरार_फास्ट: पातळी म्हटलं की लोकांना धरणाची पातळी आठवते. आणि नोंद म्हणजे एंट्री, इथे शाखांच्या टेबलातली ओळ आहे, ती कुठे कोणी नोंदवलीय. मी आपला ओळच म्हणणार.

पतपेढीवाला: बोरिवलीच्या मॅडमना Viewer केलं, आता एकच शाखा दिसते. वाट्याचा चार्ट तूर्त काढून टाकलाय. सर्क्युलर असं करतोय: 'प्रत्येक शाखाधिकाऱ्यास लॉगिन केल्यावर केवळ आपल्या शाखेपुरते आकडे दिसतील. इतर शाखा न दिसणे हा बिघाड नव्हे.' साहेबांनी तरी वर कंसात पंक्तीस्तरीय टाकलंच आहे. एक राहिलं, मुलुंडचे साहेब रजेवर गेले की पंधरा दिवस भांडुपवाले दोन्ही शाखा बघतात, त्यांचं काय?

विरार_फास्ट: तेवढे दिवस मुलुंडच्या ओळीत भांडुपवाल्यांचा मेल टाकलास तर त्यांना दोन्ही दिसतील, पण मुलुंडच्या साहेबांची गेली. दोघांनाही हवी असेल तर कोण आणि कुठली शाखा याचं वेगळं टेबल करून नियम तिथे न्यावा लागतो. रजेवरच्या माणसाला दिसावं की नाही ते आधी तुम्ही ठरवा.

निवृत्त_शाखाधिकारी: रजेवर असताना मला तरी बघायला आवडलं असतं.